ए प्लसची तयारी सुरू करण्यापूर्वी परीक्षेची आवृत्ती बंद होणार आहे का, हे कसे तपासावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्डवेअर-नेटवर्किंग क्षेत्रात पहिली नोकरी शोधणारे सांगली, मिरज, तासगाव, विटा परिसरातील बरेच विद्यार्थी कॉम्पटिया या संस्थेच्या ए प्लस प्रमाणपत्रापासून सुरुवात करतात. पुस्तक कोणते घ्यावे, क्लास कोणता लावावा, परीक्षेचे शुल्क किती, हे प्रश्न ते आधी विचारतात. आपण अभ्यासाला घेतलेली परीक्षा आपला अभ्यास पूर्ण होईपर्यंत अस्तित्वात राहील का, हा प्रश्न मात्र पुष्कळदा अर्धा अभ्यास झाल्यावर सुचतो. या पानावर त्याच एका प्रश्नाची उत्तरे दिली आहेत. उदाहरणासाठी २०२५ साली ए प्लसची जी आवृत्ती बंद झाली तिचाच आधार घेतला आहे, कारण त्या बदलाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या तारखा आता निश्चित आहेत.

परीक्षेची आवृत्ती रिटायर होते म्हणजे नेमके काय होते?

ए प्लस हे प्रमाणपत्राचे नाव कायम राहते, पण त्याखालची प्रश्नपत्रिका काही वर्षांनी बदलते आणि प्रत्येक बदलाबरोबर परीक्षेला नवा क्रमांक मिळतो. ए प्लसमध्ये कोअर १ आणि कोअर २ असे दोन पेपर आहेत. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या आवृत्तीत त्यांचे क्रमांक `220-1101` आणि `220-1102` असे होते. २५ मार्च २०२५ रोजी `220-1201` आणि `220-1202` ही नवी जोडी आली, आणि जुनी जोडी २५ सप्टेंबर २०२५ पर्यंत तिच्याबरोबर चालू राहिली. त्या दिवसानंतर जुन्या क्रमांकाचा पेपर कोणत्याही केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येत नाही. ही तारीख नोंदणीची मुदत नसून परीक्षेला प्रत्यक्ष बसण्याचा शेवटचा दिवस असते, याकडे विशेष लक्ष द्यावे. पंचवीस तारखेला नोंदणी करून पुढच्या महिन्यात पेपर देऊ, अशा समजुतीने थांबलेल्या विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरत नाही.

ही तारीख कोठे पाहावी?

ती कॉम्पटियाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच पाहावी. ए प्लसच्या पानावर परीक्षेच्या तपशिलात परीक्षेचा क्रमांक, ती सुरू झाल्याची तारीख, प्रश्नांची कमाल संख्या, वेळ आणि उत्तीर्ण होण्यासाठीचे गुण दिलेले असतात, आणि त्यांच्यासोबत `Retirement` या शब्दापुढे बंद होण्याची माहिती असते. तारीख ठरलेली असेल तर ती तेथे दिसते. ठरलेली नसेल तर परीक्षा सुरू झाल्यापासून साधारण तीन वर्षांनी, अशा अर्थाची मोघम नोंद असते. एका वेळी दोन आवृत्त्या चालू असतील तर दोन्हींचे तपशील वेगवेगळे वाचावे लागतात. पान उघडल्याबरोबर बहुधा नवी आवृत्ती समोर येते, आणि तिच्यासमोर तारीख नाही हे पाहून निश्चिंत झालेल्या विद्यार्थ्याच्या हातातील पुस्तक जुन्या आवृत्तीचे असू शकते.

म्हणून तपासण्याची सुरुवात संकेतस्थळापासून न करता स्वतःच्या साहित्यापासून करावी. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, व्हिडिओ मालिकेच्या शीर्षकात किंवा क्लासच्या माहितीपत्रकावर छापलेला पूर्ण क्रमांक आधी कागदावर उतरवून घ्यावा आणि मग नेमका तोच क्रमांक अधिकृत पानावर शोधावा. `1101` आणि `1201` यांत एकाच अंकाचा फरक आहे, आणि घाईत वाचताना तो नजरेतून निसटतो. साहित्यावर क्रमांकच नसेल आणि केवळ "लेटेस्ट सिलॅबस" असे लिहिलेले असेल, तर ते कोणत्या आवृत्तीचे आहे हे विकणाऱ्याकडून कळेपर्यंत पैसे देऊ नयेत.

तारीख जाहीरच झालेली नसेल तर अंदाज कसा बांधावा?

मागील बदलांचा क्रम पाहिला तर बऱ्यापैकी अंदाज येतो. ए प्लसची `220-1001` आणि `220-1002` ही जोडी जानेवारी २०१९ मध्ये आली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी बंद झाली. तिच्या जागी आलेली `1101`–`1102` ही जोडी एप्रिल २०२२ ते २५ सप्टेंबर २०२५ अशी चालली. म्हणजे दोन्ही वेळा जुनी आवृत्ती तीन वर्षांपेक्षा काही महिने अधिक टिकली, आणि नवी आल्यावर जवळपास अर्धे वर्ष दोन्ही सोबत चालल्या. याच संस्थेच्या नेटवर्क प्लस परीक्षेत `N10-009` हा क्रमांक २० जून २०२४ रोजी आला आणि `N10-008` त्याच वर्षी २० डिसेंबरला बंद झाला. हे अंतर बरोबर सहा महिन्यांचे होते. सिक्युरिटी प्लसमध्ये मात्र `SY0-701` ७ नोव्हेंबर २०२३ ला आल्यावर `SY0-601` ३१ जुलै २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ महिने चालू राहिला.

यावरून व्यवहारात उपयोगी पडेल असे अनुमान निघते ते असे की, आपल्या आवृत्तीला अडीच वर्षे उलटून गेली असतील तर नव्या आवृत्तीची बातमी कधीही येईल असे धरून चालावे, आणि नवी आवृत्ती प्रत्यक्ष सुरू झाली की जुनीचे सुमारे सहा महिने उरले, असे मानून नियोजन करावे. तीन महिने अधिक मिळाले तर उत्तमच, पण ते मिळतीलच या भरवशावर वेळापत्रक आखू नये.

कोअर १ जुन्या आवृत्तीतून आणि कोअर २ नव्या आवृत्तीतून दिले तर चालते का?

चालत नाही. दोन्ही पेपर एकाच आवृत्तीचे असावे लागतात. `220-1101` उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने `220-1202` उत्तीर्ण केले तरी त्याला ए प्लस प्रमाणपत्र मिळत नाही. `1101` ला `1102` चीच जोड लागते आणि `1202` ला `1201` ची.

एकाच पेपरच्या परीक्षांमध्ये हा धोका नसतो. नेटवर्क प्लसचा विद्यार्थी जुन्या आवृत्तीत अनुत्तीर्ण झाला आणि तेवढ्यात ती बंद झाली, तर तो नवा पेपर देतो. त्याचा अभ्यास थोडा वाढतो, पण उत्तीर्ण झालेले असे काही वाया जात नाही. ए प्लसमध्ये मात्र कोअर १ मध्ये मिळवलेले यश कोअर २ च्या मुदतीवर अवलंबून राहते. दुसरा पेपर वेळेत झाला नाही तर पहिल्या पेपरचे शुल्क आणि श्रम दोन्ही निरुपयोगी ठरतात, आणि नव्या आवृत्तीचे दोन्ही पेपर मुळापासून द्यावे लागतात. त्यामुळे ए प्लसच्या विद्यार्थ्याने रिटायर होण्याची तारीख पहिल्या पेपरशी ताडून न पाहता दुसऱ्या पेपरच्या शेवटच्या संभाव्य प्रयत्नाशी ताडून पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष हिशेब कसा करावा? एखादे उदाहरण द्याल का?

समजा, मिरजेचा एक विद्यार्थी संगणक दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर काम करतो आणि त्याला आठवड्याला आठ तास अभ्यास करणे जमते. त्याने मित्राकडून `1101`–`1102` चे वापरलेले पुस्तक निम्म्या किमतीत घेतले आहे आणि रविवार, १ जून २०२५ पासून तो सुरुवात करणार आहे. दोन्ही पेपर मिळून त्याला १२० तास लागतील असे धरू. हा आकडा सर्वांना सारखा लागू होत नाही. दुकानात रोज मदरबोर्ड हाताळणाऱ्याला कोअर १ सोपा जातो आणि नेटवर्किंगचा अनुभव नसलेल्याला तोच जड जातो. तरीही हिशेबासाठी कोणता तरी आकडा धरावाच लागतो.

आठ तासांच्या हिशेबाने १२० तासांना पंधरा आठवडे लागतात, म्हणजे अभ्यास १४ सप्टेंबरला संपतो. शेवटची तारीख २५ सप्टेंबर. वरवर पाहता अकरा दिवस शिल्लक राहतात आणि विद्यार्थ्याला वाटते की जमून जाईल. आता हाच हिशेब शेवटाकडून मागे करू.

एखादा पेपर पहिल्या प्रयत्नात गेला तर दुसरा प्रयत्न करण्यासाठी कॉम्पटिया थांबायला लावत नाही, पण तिसऱ्या प्रयत्नापूर्वी मागील प्रयत्नापासून किमान १४ दिवस जावे लागतात. तिसऱ्या प्रयत्नाची वाट मोकळी ठेवायची असेल तर कोअर २ चा दुसरा प्रयत्न ११ सप्टेंबरपर्यंत झालेला असायला हवा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. मंडळाचे काम असो वा नसो, त्या दिवसांत सांगली-मिरजेत सलग अभ्यास होतो असे कोणी सांगितले तर त्यावर आमचा विश्वास बसणार नाही. म्हणून कोअर २ चा पहिला प्रयत्न २४ ऑगस्टच्या आसपास उरकावा लागतो. आता १ जून ते २४ ऑगस्ट या काळात बाराच आठवडे येतात, आणि आठ तासांच्या हिशेबाने ९६ तास होतात. कोअर १ चा पेपर मध्येच, जुलैच्या मध्यास, पहिल्याच प्रयत्नात सुटला असे गृहीत धरूनही २४ तास कमी पडतात.

याचा अर्थ या विद्यार्थ्याने जुन्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नये. त्याने १ जूनलाच `1201`–`1202` ची निवड करावी, मित्राचे पुस्तक पूरक वाचनासाठी ठेवावे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निवांतपणे पेपर द्यावेत. निम्म्या किमतीच्या पुस्तकातून वाचलेले पैसे हे परीक्षेच्या एका शुल्काच्या तुलनेत अगदीच किरकोळ असतात.

याच मिरजेच्या विद्यार्थ्याने जानेवारीत सुरुवात करून एप्रिलमध्ये `1101` उत्तीर्ण केले असते, तर उत्तर नेमके उलटे आले असते. अशा विद्यार्थ्याने नव्या आवृत्तीच्या आकर्षणाने मध्येच वाट बदलणे म्हणजे पदरात पडलेला पेपर टाकून देणे आहे. त्याने इतर कामे बाजूला ठेवून `1102` जुलैअखेर द्यावा.

कोअर १ झाला आहे, कोअर २ शेवटच्या आठवड्यात गेला. आता काय करता येते?

उरलेल्या दिवसांत दुसरा प्रयत्न करता येतो, कारण पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नांमध्ये सक्तीचे अंतर नाही. मात्र त्यासाठी पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते आणि केंद्रावर जागा मिळावी लागते. पेपर संपल्यावर मिळणाऱ्या गुणपत्रकात चुकलेल्या प्रश्नांचे विषय ऑब्जेक्टिव्हजच्या, म्हणजे परीक्षेच्या अभ्यासक्रमातील मुद्द्यांच्या अधिकृत यादीच्या, क्रमांकासह दिलेले असतात. कोअर २ ला १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७०० गुण लागतात. ६८० गुण मिळाले असतील आणि चुका दोन-तीन विषयांत गोळा झालेल्या असतील, तर चार दिवसांत ते विषय पक्के करून पुन्हा बसण्यात अर्थ आहे. ५५० गुण मिळाले असतील आणि चुका सर्व विभागांत विखुरलेल्या असतील, तर दुसरे शुल्क जुन्या आवृत्तीवर खर्च न करता नव्या आवृत्तीच्या कोअर १ साठी राखून ठेवावे. हा निर्णय मनाला लागतो, परंतु "एवढे केले आहे तर आणखी एकदा बघू" या विचाराने तिसऱ्यांदा शुल्क गमावणारेही असतात.

व्हाउचरची मुदत नोव्हेंबरपर्यंत आहे. मग सप्टेंबरनंतर जुना पेपर देता येईल ना?

नाही. व्हाउचरची मुदत आणि परीक्षेची मुदत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्यांपैकी जी आधी संपते तीच तुम्हाला लागू होते. व्हाउचर म्हणजे शुल्क भरल्याची आगाऊ पावती. ती हातात असल्यामुळे बंद झालेली परीक्षा चालू राहत नाही. त्याच व्हाउचरवर नव्या क्रमांकाची परीक्षा देता येईल का, हे त्याच्या अटींवर अवलंबून असते, आणि त्या अटी विकत घेण्यापूर्वी वाचाव्यात. सवलतीत व्हाउचर मिळत असेल तर त्यावरील शेवटची तारीख विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावी. फार स्वस्त मिळणाऱ्या व्हाउचरची मुदत बहुधा थोडीच उरलेली असते.

जुन्या आवृत्तीचे पुस्तक किंवा क्लासच्या नोट्स नव्या आवृत्तीसाठी कितपत चालतात?

बऱ्याच चालतात, पण एकट्या त्यांच्यावर विसंबून बसता येत नाही. दोन आवृत्त्यांच्या ऑब्जेक्टिव्हजमध्ये विभागांना दिलेले भार शेजारी ठेवून पाहिले तर हे स्पष्ट होते. कोअर १ मध्ये हार्डवेअरचा भार `1101` मध्ये २५ टक्के होता आणि `1201` मध्येही तेवढाच आहे. व्हर्च्युअलायझेशन व क्लाउड दोन्हीकडे ११ टक्के आहे. मोबाइल उपकरणे १५ वरून १३ वर आणि दोषशोधन २९ वरून २८ वर आले, तर नेटवर्किंग २० वरून २३ वर गेले. कोअर २ मधील बदल अधिक बोलका आहे: ऑपरेटिंग सिस्टिम ३१ वरून २८ वर उतरली आणि सुरक्षा २५ वरून २८ वर चढली, म्हणजे आता दोघींचा भार समान झाला. सॉफ्टवेअर दोषशोधन २२ चे २३ आणि कार्यपद्धती २२ चे २१ झाले.

भारातील हे फरक लहान दिसतात, आणि रॅमचे प्रकार, केबल, पोर्ट क्रमांक, आयपी पत्ते यांसारखा पाया दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. खरी अडचण टक्केवारीत दिसत नाही. विभागाचे नाव आणि भार तोच ठेवून त्याच्या आतील उपमुद्द्यांत काही नवे घातले जातात आणि काही वगळले जातात. त्यामुळे नव्या आवृत्तीची ऑब्जेक्टिव्हजची पीडीएफ अधिकृत संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्यावी, छापावी आणि जुन्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेवून एकेका उपमुद्द्यावर खूण करत जावे. पुस्तकात जो मुद्दा सापडत नाही त्याला गोल करावा. हे काम एका सायंकाळी होते, आणि शेवटी गोल केलेले मुद्दे हीच नव्याने अभ्यासायची यादी असते. ही यादी एका पानात मावत असेल तर जुने पुस्तक आणि नवे मोफत व्हिडिओ यांवर भागते. सराव प्रश्नसंच मात्र नव्याच क्रमांकाचा घ्यावा, कारण आपला अंदाज चुकत असेल तर तो तेथेच लक्षात येतो.

आवृत्ती बंद झाल्यावर आधी मिळालेले प्रमाणपत्र कमी दर्जाचे ठरते का?

नाही. प्रमाणपत्र ए प्लसचे असते आणि त्याची मुदत उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षे असते. मधल्या काळात परीक्षेचा क्रमांक बदलला म्हणून ती मुदत कमी होत नाही. जुलै २०२५ मध्ये `1101`–`1102` मधून उत्तीर्ण झालेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये `1201`–`1202` मधून उत्तीर्ण झालेला, हे दोघेही मुलाखतीत ए प्लसधारकच म्हणून बसतात. मुदत वाढवण्यासाठी तीन वर्षांत २० सातत्य-शिक्षण गुणांक मिळवावे लागतात किंवा त्या वेळी चालू असलेली आवृत्ती उत्तीर्ण व्हावी लागते, आणि हा नियमही दोघांना सारखाच आहे. त्यामुळे वेळेचे गणित जुळत असेल तर उतरत्या आवृत्तीतून परीक्षा देण्यात कमीपणा काही नाही; उलट तिचे साहित्य मुबलक आणि तावून-सुलाखून निघालेले असते.

शेवटच्या महिन्यात परीक्षा दिली तर सांगलीच्या विद्यार्थ्याला कोणती विशेष अडचण येऊ शकते?

या परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांवर किंवा घरून ऑनलाइन होतात. केंद्र शोधताना आपला पिनकोड, उदाहरणार्थ सांगलीसाठी ४१६४१६, टाकून त्या क्रमांकाच्या पेपरसाठी कोणत्या दिवशी जागा आहेत ते पाहावे, आणि हे तयारी सुरू करतानाच एकदा पाहून ठेवावे. जवळ सोयीची तारीख मिळाली नाही तर कोल्हापूर किंवा पुण्याची तयारी ठेवावी लागते. आवृत्ती बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत उशीर झालेले सगळेच विद्यार्थी जागा शोधत असतात, हे वेगळे सांगायला नको.

जुलै-ऑगस्टमध्ये आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद झाला होता आणि सांगलीचा निम्मा व्यवहार ठप्प होता. दरवर्षी असे होत नाही, पण मुदतीच्या अगदी तोंडावरचा एकुलता एक दिवस निवडून त्या दिवशी रस्ता बंद मिळाला, तर परीक्षेची आवृत्ती आपल्यासाठी थांबत नाही. घरून परीक्षा देणाऱ्याला रस्त्याची चिंता नसली तरी विजेची आणि इंटरनेटची असतेच. स्वतंत्र बंद खोली, चालू वेबकॅम आणि परीक्षा संपेपर्यंत खोलीत कोणीही न येणे या अटी पाळाव्या लागतात, आणि गणपतीत पाहुण्यांनी भरलेल्या घरात ही शेवटची अटच सर्वांत अवघड ठरते.

इतर कंपन्यांच्या परीक्षांनाही हीच पद्धत लागू आहे का?

नाही, आणि ए प्लसवरून इतरांचा अंदाज बांधणे महागात पडू शकते. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत `SAA-C02` २९ ऑगस्ट २०२२ पर्यंत होता आणि `SAA-C03` ३० ऑगस्टला सुरू झाला. तेथे दोन्ही आवृत्त्या सोबत चालण्याचा काळच नव्हता. क्लाउड प्रॅक्टिशनर परीक्षेतही `CLF-C01` १८ सप्टेंबर २०२३ ला संपला आणि दुसऱ्याच दिवशी `CLF-C02` आला.

सिस्कोच्या सीसीएनएमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये परीक्षेचा क्रमांक `200-301` असाच राहिला आणि तिची उपआवृत्ती १.० वरून १.१ झाली. केवळ क्रमांक ताडून पाहणाऱ्याला हा बदल दिसलाच नसता. तेथे अभ्यासक्रमाच्या पानावरील उपआवृत्ती वाचावी लागते. मायक्रोसॉफ्टमध्येही क्रमांक तोच राहून त्याखालील कौशल्यांची यादी वेळोवेळी बदलते, आणि काही वेळा संपूर्ण प्रमाणपत्रच बंद होते. एमसीएसए व एमसीएसई ही तेथील प्रमाणपत्रे ३० जून २०२० ला बंद होणार होती. कोविडमुळे त्यांना ३१ जानेवारी २०२१ पर्यंत वाढ मिळाली आणि मग ती संपली. अशी वाढ जगभर केंद्रे बंद असताना मिळाली होती, आपल्या अभ्यासाला उशीर झाला म्हणून ती मिळत नाही.

क्लासची फी भरण्यापूर्वी काय विचारावे?

तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे शक्यतो पावतीवर लिहून घ्यावीत: शिकवणी कोणत्या क्रमांकाच्या पेपरची आहे, कोअर २ चा भाग कोणत्या तारखेला शिकवून पूर्ण होईल, आणि मध्येच आवृत्ती बदलली तर वाढीव भाग त्याच फीमध्ये शिकवला जाईल का. कोअर २ संपण्याची तारीख आणि आवृत्ती बंद होण्याची तारीख यांत दोन महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल, तर ती बॅच तुमच्यासाठी नाही. "ए प्लस म्हणजे ए प्लस, नंबरचे काय एवढे" असे उत्तर मिळाले तर सरळ दुसरीकडे चौकशी करावी.

एकदा तपासले की पुरे का?

एकदा पुरत नाही, कारण तयारी चालू असतानाच तारीख जाहीर होऊ शकते. तयारीचा निर्णय घेताना, व्हाउचर विकत घेण्याच्या दिवशी आणि कोअर १ चा निकाल हाती आल्यावर कोअर २ ची तारीख ठरवण्यापूर्वी, अशा तीन वेळी अधिकृत पान उघडून पाहावे. शेवटची तपासणी सर्वांत जास्त वगळली जाते, कारण पहिला पेपर सुटल्याच्या आनंदात "जरा पंधरा दिवस विश्रांती घेऊ" असे प्रत्येकालाच वाटते. विश्रांती जरूर घ्यावी, पण ती घेण्याआधी कोअर २ ची जागा आरक्षित केलेली असावी.